तळटीप : वयवार खातेउतारा

१. पुरवठादार ग्राहकाला ईमेलने पाठवतो तो न भागलेल्या बिलांचा उतारा. बिले ०–३०, ३१–६०, ६१–९० आणि ९० दिवसांवरची अशा रकान्यांत लावलेली असतात. दिवस बिलाच्या तारखेपासून मोजले की मुदत संपल्यापासून, हे लिहिलेले नसेल तर ताळमेळ बसणे कठीण. शेवटच्या रकान्यात वर्षभर रेंगाळणारी रक्कम पुष्कळदा खरी थकबाकी नसतेच. उदाहरणार्थ, सल्लाशुल्क १,००,००० रुपये, जीएसटी १८,०००. ग्राहकाने मूळ रकमेवर १० टक्के टीडीएस कापून १,०८,००० भरले. पुरवठादाराने (म्हणजे बहुधा त्याच्या घाईतल्या हिशेबनिसाने) टीडीएसची नोंद केली नाही, की १०,००० रुपये ‘येणे’ दिसत राहतात. ते पुन्हा भरू नयेत. टीडीएस प्रमाणपत्र पाठवून नोंद करून घ्यावी.