७ दिवसांत पैसे दिले तर २ टक्के सूट : औशाच्या किराणा दुकानदाराने सूट घ्यावी की महिनाभराची उधारी?

'आज रोख, उद्या उधार' ही पाटी किराणा दुकानात आपण सगळ्यांनीच वाचली आहे. ती गिऱ्हाइकासाठी असते. दुकानदार स्वतः ठोक व्यापाऱ्याकडे जातो तेव्हा मात्र त्याला उधारी हवी असते आणि बहुतेक वेळा ती मिळतेही.

औशापासून लातूर वीसेक किलोमीटरवर आहे. त्यामुळे औशातले अनेक दुकानदार तेल, साखर, डाळी, साबण असा माल लातूरच्या ठोक बाजारातून भरतात. बिल हातात देताना व्यापारी सांगतो, "महिन्याने द्या, पण आठवड्यात दिले तर दोन टक्के सीडी." सीडी म्हणजे कॅश डिस्काउंट. जुन्या जमाखर्चाच्या भाषेत हाच रोख वटाव. ठोक खरेदीमुळे भावातच मिळणारी सूट म्हणजे व्यापारी वटाव. रोख वटाव त्याहून वेगळा असतो, तो फक्त पैसे लवकर दिल्याबद्दल मिळतो.

दोन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात. म्हणून बरेच जण ते सोडून देतात आणि 'महिनाभर बिनव्याजी पैसे वापरले' असं समजतात. पण ते पैसे खरंच बिनव्याजी असतात का?

एका बिलाचा हिशोब

समजा बिल ५०,००० रुपयांचं आहे. सातव्या दिवशी पैसे दिले तर १,००० रुपये सुटतात आणि ४९,००० द्यावे लागतात. तिसाव्या दिवशी दिले तर पूर्ण ५०,०००.

उधारी ३० दिवसांची दिसत असली तरी पहिले ७ दिवस दोन्ही पर्यायांत सारखेच आहेत. सूट घेणाऱ्यालाही ते मिळतातच. म्हणजे सूट सोडून दुकानदाराला जास्तीचे मिळतात ते २३ दिवस. तेवढ्या दिवसांसाठी त्याने ४९,००० रुपये वापरले आणि त्याबद्दल १,००० रुपये जास्त मोजले. हे वर्षाच्या व्याजात बदललं तर दर साधारण ३२ टक्के येतो.

हिशोब सोपा आहे. सुटीच्या रकमेला सूट वजा केलेल्या बिलाने भागायचं, ३६५ ने गुणायचं आणि जास्तीच्या दिवसांनी भागायचं. शंभराने गुणलं की टक्के मिळतात.

आता दुकानदाराकडे बँकेचं कॅश क्रेडिट खातं आहे आणि त्याचा व्याजदर १२ टक्के आहे असं धरू. या खात्यात जेवढी रक्कम उचलली आणि जितके दिवस वापरली, तेवढंच व्याज लागतं. ४९,००० रुपये २३ दिवस वापरले तर व्याज होतं सुमारे ३७० रुपये. सूट १,००० रुपयांची. म्हणजे बँकेचं कर्ज काढून व्यापाऱ्याचं बिल भागवलं तरी एका बिलामागे ६३० रुपये उरतात. 'सूट घेण्यासाठी कर्ज कशाला काढायचं' हा प्रश्न मलाही आधी पडला होता, पण आकडे मांडले की तो मिटतो.

पैसा कुठून येतो, यावर सगळं ठरतं

हेच ४९,००० रुपये शेकडा तीन रुपये महिना या दराने बाहेरून उचलले तर? २३ दिवसांचं व्याज १,१२७ रुपये होतं. सूट १,००० रुपये. इथे १२७ रुपये खिशातून जातात, तेव्हा उधारीच बरी.

पैसे घरचेच असले तरी ते फुकटचे नसतात. सणाच्या तोंडावर गल्ला रिकामा करून बिल भागवलं आणि दुकानात तेलाचे डबेच भरता आले नाहीत, तर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानाची पायरी चढतं. बुडालेली ती विक्री हजार रुपयांहून महाग पडू शकते. त्यामुळे सूट घेतल्यावर पुढचा माल भरायला पैसे उरतात का, हे आधी बघावं लागतं.

औशासारख्या सोयाबीनच्या पट्ट्यात यात आणखी एक गुंता आहे. जूनच्या पेरणीपासून सोयाबीन बाजारात येईपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरपर्यंत, शेतकरी कुटुंबांची किराण्याची उधारी वहीत वाढत जाते. त्या चार महिन्यांत दुकानदाराची वसुली कमी आणि देणी जास्त असतात. तेव्हा आठवड्यात बिल भागवणं अवघड जातं. सोयाबीन विकलं गेलं की हातात पैसा येतो आणि मग प्रत्येक बिलावर सूट घेणं परवडतं. एकच दुकानदार पावसाळ्यात उधारी आणि दिवाळीनंतर रोखी वापरत असेल, तर तो गोंधळलेला आहे असं समजायचं कारण नाही.

मुदत लांबली की गणित उलटतं

दर तीच २ टक्के सूट असेल असं नाही. समजा सूट १ टक्का आणि मुदत ४५ दिवस आहे. सातव्या दिवशी दिलं तर ५०० रुपये वाचतात, पण ४९,५०० रुपये ३८ दिवस आधी सोडावे लागतात. वर्षाच्या हिशोबात हे साडेनऊ-पावणेदहा टक्के होतात. बँकेचं १२ टक्क्यांचं कर्ज त्याहून महाग आहे. इथे पूर्ण मुदत वापरणंच फायद्याचं.

दुसरी गोष्ट तोंडी मुदतीची. बिलावर ३० दिवस असतात, प्रत्यक्षात पैसे साठाव्या दिवशी जातात आणि व्यापारीही काही बोलत नाही. अशा वेळी सूट सोडण्याची किंमत ३२ वरून १४ टक्क्यांवर येते. कागदावर उधारी स्वस्त झाली. पण अशा दुकानदाराला टंचाईच्या काळात माल सर्वांत शेवटी मिळण्याची शक्यता असते, आणि पुढच्या बिलात भाव थोडा चढा लावला गेला तर ते सहज लक्षातही येत नाही.

उशीर करण्याला काही ठिकाणी कायद्याचीही मर्यादा आहे. माल थेट लातूरच्या एखाद्या डाळ मिलकडून घेतला आणि ती मिल सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेली असेल, तर लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज मागण्याचा त्या मिलला हक्क आहे. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या ठोक व्यापाऱ्याला मात्र उद्यम नोंदणी असली तरी हे संरक्षण मिळत नाही.

सूट खरी आहे का?

काही व्यापारी भाव आधीच दोन टक्के चढवतात आणि मग 'सूट' देतात. हे ओळखायला त्याच दिवशी, त्याच कंपनीच्या डब्याचा रोखीचा भाव दुसऱ्या दोन ठिकाणी विचारायचा. सूट वजा करून येणारा भाव तिथल्या रोख भावाइतकाच असेल, तर ती सूट म्हणजे उधारीवाल्याकडून घेतलेलं व्याज आहे. अशा वेळी उधारी घेणाऱ्यालाच ती जास्त महाग पडते.

सात दिवस कधीपासून मोजायचे हेही आधी विचारून घ्यावं. बिलाच्या तारखेपासून की माल दुकानात उतरल्यापासून? चेक दिला तर तो दिल्याचा दिवस धरणार की वटल्याचा? सूट जीएसटीसह रकमेवर मिळणार की मूळ किमतीवर? तेलावरचा ५ टक्के जीएसटी धरून ५०,००० चं बिल असेल, तर मूळ किंमत साधारण ४७,६०० रुपये येते आणि सूट १,००० ऐवजी सुमारे ९५० रुपये होते. सूट बिलावरच लिहून घेतली तर वाद होत नाही. नंतर 'पुढच्या बिलात वळती करू' असं ठरलं, तर तेवढ्याची क्रेडिट नोट मागून घ्यायची.