टायरचे पर्यायी माप (मोटारगाडी)

गाडीला मूळ मापाऐवजी बसवता येणारे, उत्पादकाने मान्य केलेले टायरचे दुसरे माप. टायर आणि रिम यांची जोडी मान्य होते, एकट्या टायरची नाही. दुकानात नेमके हेच विसरले जाते.

चालकाच्या दाराच्या खांबावरील स्टिकरवर त्या गाडीचे मूळ माप आणि टायर थंड असतानाचा हवेचा दाब असतो. मालकपुस्तिकेतील तक्ता यापेक्षा व्यापक असतो. त्यात त्या मॉडेलच्या सर्व प्रकारांची मापे येतात, आणि पर्याय प्रथम तिथेच शोधावा. उदाहरणार्थ, २०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या खालच्या प्रकारांना १६५/८० आर १४ आणि वरच्यांना १८५/६५ आर १५ टायर होते. पहिल्याचा बाहेरचा व्यास सुमारे ६२० मिमी, दुसऱ्याचा सुमारे ६२२ मिमी. व्यास जवळपास सारखा राहिल्याने स्पीडोमीटरच्या आकड्यात जाणवण्याजोगा फरक पडत नाही. मात्र १५ इंची टायरसोबत १५ इंची रिमही घ्यावी लागते.

आता याच गाडीला १९५/६५ आर १५ सुचवला जातो असे धरू. व्यास ६३४ मिमीच्या पुढे जातो, म्हणजे सुमारे दोन टक्के वाढ. काटा १०० दाखवेल तेव्हा वेग आधीपेक्षा सुमारे दोन किमी जास्त असेल. व्यासाच्या हिशेबाने हे चालण्यासारखे वाटते. खरी अडचण रिमच्या रुंदीची आहे. युरोपीय टायर-रिम मानकांनुसार १८५/६५ आर १५ साठी ५ ते ६.५ इंच, तर १९५/६५ आर १५ साठी ५.५ ते ७ इंच रुंदीची रिम चालते. रिमवर '१५ x ५ जे' असे कोरलेले असेल, तर तिची रुंदी ५ इंच आहे आणि १९५ चा टायर मर्यादेबाहेर जातो. तो चढतो, हवाही धरतो, म्हणून चूक लक्षात येत नाही. पण अरुंद रिमवर त्याच्या भिंती फुगतात, वळणावर गाडी उशिरा प्रतिसाद देते आणि दाब बरोबर असूनही टायर मधोमध लवकर झिजतो. उलट, रिम फार रुंद असली तर भिंती ताणल्या जातात आणि खड्ड्यात रिमच्या कडेला थेट मार बसतो.

मापानंतरचा भारांक मूळपेक्षा कमी नसावा: ८८ म्हणजे एका टायरवर ५६० किलो, ८४ म्हणजे ५०० किलो. शेवटचे अक्षर वेगमर्यादेचे असते. तेही मूळच्या खालचे घेऊ नये.

दुकानात जाताना स्टिकरचे व पुस्तिकेतील तक्त्याचे छायाचित्र सोबत न्यावे. रिमची रुंदी मात्र रिमवरच वाचावी, कारण जुन्या गाडीची चाके आधीच्या मालकाने बदललेली असू शकतात.