भ्रमणध्वनी कॉल

भ्रमणध्वनी कॉल : एका मोबाइल फोनवरून दुसऱ्या मोबाइल फोनशी बोलता यावे म्हणून दूरसंचार जाळ्यात तात्पुरती उभारली जाणारी दुतर्फी जोडणी. या जोडणीची आकृती पुष्कळदा दोन फोनांमधील एका नागमोडी रेषेने काढली जाते, परंतु ती दिशाभूल करणारी आहे. रेडिओ लहरींचे काम प्रामुख्याने फोन आणि त्याला सेवा देणारा टॉवर यांमधील, साधारणतः काही किलोमीटरांच्या टप्प्यात असते. उरलेला प्रवास मुख्यतः जमिनीखालील प्रकाशतंतूंतून होतो आणि उपग्रहाचा संबंध सामान्यतः येत नाही. घरच्या जुन्या दूरध्वनीचा क्रमांक म्हणजे एका विशिष्ट तारेचे टोक असे; मोबाइलचा क्रमांक मात्र कोणत्याही जागेशी बांधलेला नसतो, त्यामुळे आवाज पोहोचवण्यापूर्वी फोन कोठे आहे हे शोधणे हाच या तंत्राचा गाभा ठरतो. प्रस्तुत नोंदीत दुसऱ्या पिढीच्या म्हणजे जीएसएम पद्धतीच्या आधारे विवेचन केले आहे, कारण तीत कामाची विभागणी स्पष्ट दिसते.

इतिहास : जीएसएम जाळ्यावरील पहिला कॉल १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये झाला. भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी केलेला कॉल पहिला मानला जातो.

नोंदणी : फोन चालू होताच तो आसपासच्या टॉवरांचे प्रक्षेपण ऐकतो आणि सिम कार्डावरील ओळख-क्रमांक जाळ्याला कळवतो. हा ओळख-क्रमांक पंधरा अंकी असून तो लोक एकमेकांना देतात त्या दहा अंकी क्रमांकाहून वेगळा असतो. भारतीय सिममध्ये त्याचे पहिले तीन अंक ४०४ किंवा ४०५ असतात. सिम खरे आहे याची खात्री करण्यासाठी जाळे एक यादृच्छिक संख्या पाठवते, सिम आपल्यातील गुप्त किल्लीच्या साहाय्याने तिचे उत्तर काढते आणि फक्त ते उत्तर परत जाते, म्हणजे किल्ली स्वतः कधीच हवेतून प्रवास करीत नाही. उत्तर जुळले की त्या भागातील एक्सचेंज आपल्या पाहुण्यांच्या नोंदवहीत (व्हीएलआर) फोनची नोंद करते आणि ग्राहकाच्या मूळ कंपनीच्या गृह-नोंदवहीला (एचएलआर) तसे कळवते.

यानंतर स्वस्थ पडलेला फोन प्रत्येक टॉवर बदलला म्हणून जाळ्याला कळवत बसत नाही. अनेक टॉवर मिळून एक स्थानक्षेत्र ठरवलेले असते, आणि फोन ते क्षेत्र ओलांडताना किंवा ठरावीक काळ लोटल्यावरच आपली हजेरी देतो. क्षेत्र लहान ठेवले तर हजेऱ्या वाढून बॅटरी आणि संकेतवाहिन्या खर्ची पडतात. मोठे ठेवले तर एका फोनसाठी शेकडो टॉवरांवरून पुकारा करावा लागतो. क्षेत्राची सीमा लोहमार्गाला छेदत असेल तर भरलेली गाडी तेथून जाताना शेकडो फोन एकाच वेळी हजेरी देऊ लागतात आणि वाहिन्या तुंबतात, म्हणून सीमा आखणे हे जाळ्याच्या आखणीतील बरेच नाजूक काम समजले जाते.

शोध व जोडणी : साताऱ्यातील एका व्यक्तीने महाराष्ट्रातील क्रमांक लावला, परंतु त्या क्रमांकाचा फोन त्या दिवशी बंगळुरूत आहे, असे उदाहरण घेता येईल. साताऱ्यातील फोन प्रथम सर्वांसाठी खुल्या असलेल्या विनंती-वाहिनीवर एक अगदी छोटा संकेत पाठवून स्वतंत्र वाहिनी मागतो आणि ती मिळाल्यावर लावलेले अंक एक्सचेंजला देतो. पूर्वी क्रमांकाच्या सुरुवातीच्या अंकांवरून कंपनी ओळखता येई. क्रमांक कायम ठेवून कंपनी बदलण्याची सोय २० जानेवारी २०११ पासून देशभर लागू झाल्यावर तो आधार उरला नाही, म्हणून कॉल करणाऱ्याची कंपनी स्थलांतरित क्रमांकांची सूची पाहून सध्याची कंपनी ठरवते.

त्या कंपनीचे प्रवेशद्वार-एक्सचेंज गृह-नोंदवहीला विचारते, पण तिला फोनचा टॉवर ठाऊक नसतो. फोन बंगळुरूच्या कोणत्या नोंदवहीत आहे एवढेच तिला माहीत असते. ती त्या नोंदवहीकडे एक तात्पुरता क्रमांक मागते. हा क्रमांक बंगळुरूच्या एक्सचेंजच्या राखीव साठ्यातला असतो, या एका कॉलपुरता दिला जातो आणि जोडणी तेथवर पोहोचताच पुढच्या कॉलसाठी मोकळा होतो. ग्राहकाने लावलेल्या क्रमांकात पत्ता नसतो आणि या क्रमांकात केवळ पत्ता असतो. साताऱ्याहून निघालेला कॉल या दुसऱ्या क्रमांकाच्या आधारे बंगळुरूला पोहोचतो.

तेथे तात्पुरत्या क्रमांकावरून खरा ग्राहक ओळखून एक्सचेंज त्याच्या स्थानक्षेत्रातील सर्व टॉवरांवरून पुकारा करते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन सतत ऐकत नाही; जाळ्याने ठरवून दिल्याप्रमाणे साधारण अर्ध्या सेकंदापासून दोन सेकंदांपर्यंतच्या अंतराने तो क्षणभर जागा होतो, आणि क्रमांक लावल्यानंतर जाणवणाऱ्या शांततेचा काही भाग या प्रतीक्षेचा असतो. पुकारा ऐकून फोन उत्तर देतो, त्याची पुन्हा पडताळणी होते, त्याला वाहिनी मिळते आणि मग तो वाजतो. कॉल करणाऱ्याला ऐकू येणारी घंटी त्या फोनची नसून जाळ्याने निर्माण केलेला संकेत असतो.

जोडणीचा मार्ग मूळ कंपनीच्या प्रवेशद्वारातून जात असल्याने एक विचित्र परिणाम संभवतो. कॉल करणारा बंगळुरूतच शेजारच्या खोलीत बसलेला असला तरी त्याचा आवाज महाराष्ट्रात जाऊन परत येऊ शकतो. हा वळसा टाळण्याच्या योजना आहेत, पण त्या सर्वत्र राबवल्या जातातच असे नाही.

आवाजाचे वहन : आवाजाचे २० मिलिसेकंदांचे तुकडे करून प्रत्येकाचे २६० बिटांत रूपांतर केले जाते, दुरुस्तीसाठी जादा बिट घालून ते ४५६ केले जातात आणि आठ वेगवेगळ्या स्पंदांत विखुरले जातात, त्यामुळे एखादा स्पंद हरवला तरी सलग शब्द गळत नाही. जीएसएममधील सांकेतिकीकरण टॉवरच्या यंत्रणेपर्यंतच असते. त्यापुढे संरक्षण जाळ्याच्या व्यवस्थेवर अवलंबून राहते.

अपयश : फोन रीतसर बंद केला तर बंद होण्यापूर्वी तो जाळ्याचा निरोप घेतो, म्हणून त्यानंतर आलेल्या कॉलसाठी पुकारा होतच नाही आणि ‘स्विच्ड ऑफ’ ही सूचना लगेच ऐकू येते. बॅटरी अचानक काढली किंवा फोन तळघरात गेला तर निरोप पोहोचत नाही. जाळे फोन हजर आहे असे समजून पुकारा करीत राहते आणि काही सेकंदांच्या शांततेनंतर ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ असे सांगते. तेव्हा सूचनेच्या शब्दांपेक्षा तिच्या आधीची शांतता अधिक विश्वसनीय खूण आहे, कारण शब्द कंपनीगणिक बदलतात. ठरलेल्या मुदतीत हजेरी आली नाही तर एक्सचेंज स्वतःच फोन गैरहजर धरते आणि मग हा फरकही उरत नाही.

टॉवरबदल : चालू संभाषणात फोन शेजारच्या टॉवरांच्या संकेतांचे मापन सतत कळवत असतो आणि त्यावरून बदलाचा निर्णय जाळे घेते.

चौथी पिढी : आवाज डेटाच्या पाकिटांतून जातो आणि नोंदवह्यांची नावे बदलतात. पाकिटांतून आवाज नेण्याची सोय नसलेला फोन कॉलपुरता जुन्या पिढीच्या जाळ्यावर उतरतो.