एका गठ्ठ्यात किती नोंदी?

प्रलंबित नोंदी हजारांनी साचल्या की त्या निपटणारा प्रोग्रॅम लिहिताना एक आकडा ठरवावाच लागतो: एका वेळी किती नोंदी उचलायच्या? बहुतेक ठिकाणी १०० किंवा १००० लिहून काम पुढे जातं. रूबी ऑन रेल्सच्या `find_each`मध्ये काहीच सांगितलं नाही तर १००० धरले जातात. हा आकडा कसा ठरवायचा याचं शास्त्र मात्र आजचं नाही. ते चुंबकीय टेपेवर जन्मलं, आणि तिथे ते आजच्यापेक्षा जास्त स्वच्छ मांडलेलं होतं असं माझं मत आहे.

१९६४ साली आयबीएमने सिस्टीम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या टेपेवर एका इंचात ८०० अक्षरं बसत. नोंदी पंचकार्डावरून येत आणि कार्डाला ८० रकाने असत, म्हणून एक नोंद टेपेवर इंचाचा जेमतेम दहावा भाग व्यापायची. पण टेप एक वाचन संपलं की थांबायची आणि पुढच्या वाचनासाठी पुन्हा वेग घ्यायची. हे थांबणं आणि निघणं कोऱ्या जागेवर व्हावं म्हणून मध्ये ०.६ इंच रिकामे सोडले जात. म्हणजे नोंद ०.१ इंच आणि तिच्यामागे मोकळी जागा तिच्या सहापट. २४०० फुटांच्या रिळावर अशा सुमारे ४१,००० नोंदीच मावायच्या.

उपाय सरळ होता. दहा नोंदींचा एक ब्लॉक करायचा आणि मोकळी जागा ब्लॉकनंतर एकदाच सोडायची. तेच रीळ मग १,८०,००० नोंदी घेई. ब्लॉकमध्ये ५० नोंदी भरल्या तर २,५७,०००, आणि १०० भरल्या तर २,७१,०००च्या थोडं वर. दहापर्यंत जाण्याने चौपटीहून जास्त फायदा झाला, पण पन्नासावरून शंभरावर जाण्याने जेमतेम सहा टक्के.

स्मृतीचा खर्च मात्र असा मंदावत नाही. रोजच्या कामात तीन फायली एकदम उघड्या असत: जुनी मुख्य फाइल, दिवसाचे व्यवहार आणि नवी मुख्य फाइल. एक ब्लॉक वाचला जात असताना दुसऱ्यावर काम चालावं म्हणून प्रत्येक फायलीला दोन बफर लागत. ब्लॉक ५० नोंदींचा असेल तर सहा बफरांना २४,००० बाइट. मालिकेतल्या मॉडेल ३०च्या ३२ हजारांच्या स्मृतीत प्रोग्रॅमसाठी मग आठेक हजारच उरत. शंभराचा ब्लॉक तर त्यात मावतच नसे. वेगाचा फायदा सपाट होत जातो आणि स्मृतीची किंमत सरळ रेषेत चढते. गठ्ठ्याच्या आकाराबद्दलची पहिली खरी समज ही, आणि ती फूटपट्टी घेऊन मोजता येत होती.

अपयशाचा हिशेब त्या काळी वेगळ्या आकड्यात ठेवला जाई. कोबॉलमध्ये दोन स्वतंत्र ओळी होत्या:

```
RERUN ON SYS001 EVERY 5000 RECORDS OF MASTER-FILE
BLOCK CONTAINS 10 RECORDS
```

खालची ओळ टेपेसाठी. वरची सांगते की दर ५,००० नोंदींनंतर कामाची त्या क्षणाची स्थिती बाजूला लिहून ठेवा, म्हणजे यंत्र बंद पडलं तर तिथून पुन्हा सुरुवात करता येईल. हे टप्पे किती अंतराने घ्यावेत याचं सूत्र जॉन यंग यांनी १९७४ साली मांडलं. स्थिती लिहायला लागणारा वेळ आणि दोन बिघाडांमधला सरासरी वेळ यांचा गुणाकार करायचा, त्याची दुप्पट करायची आणि वर्गमूळ काढायचं. लिहायला ५ सेकंद लागत असतील आणि सरासरी १० तासांनी बिघाड होत असेल, तर उत्तर ६०० सेकंद येतं, म्हणजे दर दहा मिनिटांनी एक टप्पा.

पुढे डेटाबेस आले आणि त्यांच्याबरोबर व्यवहार आला: कमिट केलं की सगळं पक्कं, चूक झाली की सगळं मागे. हे मोठंच सुख होतं, पण त्यात ते दोन आकडे एकमेकांत मिसळले. आज आपण ‘बॅच साइझ’ म्हणून जी एक संख्या लिहितो, तीच किती नोंदी स्मृतीत येतील हे ठरवते, तीच किती वेळा कमिट होईल हे ठरवते आणि एक नोंद बिघडली तर किती काम वाया जाईल हेही तीच ठरवते.

एक उदाहरण करून पाहू. ४८,००० प्रलंबित नोंदी आहेत. एका नोंदीच्या कामाला २ मिलिसेकंद आणि एका कमिटला २० मिलिसेकंद लागतात असं धरू. एकेक नोंद कमिट केली तर १,०५६ सेकंद, म्हणजे साडेसतरा मिनिटं. शंभराचा गठ्ठा केला तर १०६ सेकंद. हजाराचा केला तर ९७. टेपेवरचीच वक्ररेषा इथे पुन्हा दिसते: पहिल्या शंभरात जवळजवळ सगळा फायदा पदरात पडतो.

आता हजारात एक नोंद सदोष आहे असं समजू. कुणाची तारीखच चुकलेली, कुणाचा खातेक्रमांक अपुरा. गठ्ठा फसला की तो मागे घेऊन त्यातल्या नोंदी एकेक करून पुन्हा चालवायच्या, ही रूढ पद्धत आहे; २००८ साली आलेली स्प्रिंग बॅच सदोष नोंद वगळायला सांगितली की लिहिताना हेच करते. सदोष नोंदी सारख्या विखुरलेल्या असतील तर हजाराचा प्रत्येक गठ्ठा एकदा फसेल. ९७ सेकंदांचं काम वाया जाईल आणि मग सगळ्या नोंदी एकेक कराव्या लागतील, म्हणजे एकूण सुमारे १,१५० सेकंद. मुळात गठ्ठा न करण्यापेक्षाही हे वाईट. शंभराच्या गठ्ठ्यात ४८० पैकी ४८ फसतील आणि काम साधारण २१० सेकंदांत उरकेल. तीसच्या गठ्ठ्यात १६० सेकंदांत.

तीस हा इथला जवळजवळ सर्वोत्तम आकडा आहे, आणि तो येतो पुन्हा वर्गमुळातूनच. कमिटचा खर्च गठ्ठा वाढला की त्याच प्रमाणात घटतो, फसण्याचा खर्च त्याच प्रमाणात वाढतो, आणि दोन्ही जिथे सारखे होतात तिथे बेरीज सर्वांत कमी असते. यंग यांच्या सूत्रातही हेच दोन खर्च समोरासमोर आहेत. सदोष नोंदी दहा हजारांत एक इतक्या कमी झाल्या तर योग्य गठ्ठा दहापट होत नाही, दहाच्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण तिप्पट होतो: नव्वदच्या आसपास. म्हणून माझा आग्रह असा, की आकडा ठरवण्याआधी मागच्या दोन-चार फेऱ्यांच्या लॉगमधून किती टक्के नोंदी फसल्या ते मोजावं. ही एक संख्या हातात नसेल तर बाकी सगळी चर्चा अंदाजाची.

स्मृतीची खूण वेगळी. प्रत्येक गठ्ठ्याला लागलेला वेळ लिहीत जावा. तो हळूहळू चढत असेल तर दोष बहुधा गठ्ठ्याच्या आकाराचा नसतो, मागचे गठ्ठे सोडलेच जात नसतात. हायबरनेटमध्ये हे नेहमी घडतं: सेशन वाचलेली प्रत्येक नोंद धरून ठेवतं आणि दर `flush()`ला त्या सगळ्यांत काही बदललं का हे तपासतं. पन्नासचा गठ्ठा असूनही चाळीस हजारावी नोंद येईपर्यंत चाळीस हजार नोंदी स्मृतीत असतात. तिथे आकडा कमी करून काही साधत नाही. प्रत्येक `flush()`नंतर `clear()` लिहावं लागतं.

आणि फसलेला गठ्ठा एकेक करून चालवण्याऐवजी अर्धा करत नेला, तर हजारातली एक सदोष नोंद दहा पायऱ्यांत वेगळी पडते. तसं करायचं असेल तर तीसपेक्षा बराच मोठा गठ्ठाही परवडतो.