कातरवेळ आणि गिरणगावाचे आवाज

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने विचारलं की संध्याकाळी मन उगाच घाबरं होतं, त्याला काही जुना इलाज आहे का? इलाज सांगणारा मी वैद्य नव्हे. पण आपल्या गिरगाव-परळच्या चाळींचा याबाबतीतला इतिहास आहे, तो सांगतो.

पहिली गोष्ट भाषेची. मराठीत दिवस मावळण्याच्या वेळेला ‘कातरवेळ’ म्हणतात. कातर म्हणजे भ्यालेला, हळवा झालेला. म्हणजे या वेळी मन हलतं हे आपल्या लोकांनी केव्हाच ओळखलं होतं. संगीतातही ते दिसतं. मुंबईत वाळकेश्वरला जन्मलेल्या पंडित भातखंड्यांनी (१८६०–१९३६) रागांच्या वेळांची जी मांडणी केली, तीत दिवस-रात्रीच्या सांध्यावरच्या रागांना ‘संधिप्रकाश राग’ म्हटलं आहे. त्यांतला मारवा घ्या. रिषभ कोमल, पंचम मुळीच नाही, आणि षड्ज, म्हणजे सुरांचं घर, तिथे गायक फारसा थांबत नाही. ऐकणाऱ्याला सारखं वाटतं की आता घरी पोचू, आणि पोचत नाही. मारवा महान खरा, पण आधीच धास्तावलेल्या माणसाला तो अधिक बेचैन करू शकतो. तेव्हा संध्याकाळचं म्हणून कुठलंही संगीत शांतवतं, असं नाही.

मग चाळीत काय होतं? गिरगावात आमच्या लहानपणी दिवेलागणीला परवचा असे. शुभंकरोती, मग पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी. एका सुरात, ठरलेल्या क्रमाने. यात मला महत्त्वाचा वाटतो तो शेवट. काळजीला शेवट नसतो, ती गोल फिरते. परवचा मात्र संपतो, आणि कुठे संपणार हे आधीच माहीत असतं.

हे मला नीट कळलं ते पुढे, १९८२ साली. १८ जानेवारीला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. मी तेव्हा लालबागला राहत होतो. गिरण्या पाळ्यांवर चालत, आणि भोंग्यावर सगळ्या वस्तीचा दिवस बेतलेला असे. तो भोंगा बंद पडला. आता बघा, शांतता झाली. पण त्या शांततेने कुणाला झोप लागेना. कारण भोंगा कर्कश असला तरी ओळखीचा होता. तो वाजला म्हणजे उद्याचा पगार होता.

आमच्या मजल्यावर एक साचेखात्यातले गृहस्थ होते. मागांच्या खडखडाटात वर्षं काढलेल्या पुष्कळ माणसांसारखे त्यांचेही कान मंद झालेले. मंद सुरातली रेडिओवरची गाणी त्यांच्या उपयोगाची नव्हती. दिवे लागले की ते दाराशी बसून राहत, हाताची बोटं सारखी चाळवत. पण चाळीच्या भजनात ते झांज घेत. पखवाजाचा ठेका कानापेक्षा छातीत ऐकू येतो. भजनी ठेका आठ मात्रांचा; आधी गजर, रूपाचा अभंग, मग अभंग, गवळण, शेवटी आरती. लय चढत जाई, आवाजही. हळुवार म्हणावं असं त्यात काही नव्हतं. तरी आरती झाली की त्यांची बोटं थांबलेली असत. हे मी रोज पाहत होतो.

बाकीच्या संध्याकाळी दोन गोष्टी होत्या. गॅलरीच्या कठड्यावर डालड्याच्या डब्यात तुळस आणि गवती चहा. आणि मासळीच्या डोक्यांच्या आशेने येणारं एक मांजर. संपात मासळी बंद झाली, तरी मांजर येतच राहिलं. ते आलं की त्यांना उठून काहीतरी द्यावंच लागे, कधी भात, कधी नुसतं पाणी. तुळशीतली पिवळी पानं खुडावी लागत. यात मन रमतं वगैरे म्हणतात, ते राहू द्या. मला दिसलं ते इतकंच की ज्या माणसाकडे काम मागायला आता कुणी येत नव्हतं, त्याच्याकडे रोज संध्याकाळी कुणीतरी येत होतं.

याची मर्यादाही सांगायला हवी. भजनाने पगार आला नाही. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही, आणि पुष्कळ कामगार कायमचे बाहेर राहिले. त्या गृहस्थांचीही भूक आणि झोप पुढे महिनोन्महिने उडाली, तेव्हा भजन पुरलं नाही. त्यांना दवाखान्यात न्यावंच लागलं. ओळखण्याची खूण सोपी होती. आरतीनंतरही बोटं थांबेनाशी झाली.

तेव्हा प्रश्न विचारणाऱ्या श्रोत्याला माझं एवढंच सांगणं आहे. आवाज मंद आहे का, हे पाहू नका. तो तुमच्या ओळखीचा आहे का, आणि तो कुठे संपणार हे तुम्हाला ठाऊक आहे का, ते पाहा. आज इथे थांबू.