मंदावलेले गाणे : मुळाचा शोध
ध्वनिमुद्रणाची गती उतरवून त्यावर बहुधा घुमारा (रिव्हर्ब) चढवलेली आवृत्ती. गाणी मंद करण्याची रीत १९९० च्या दशकात ह्यूस्टनच्या डीजे स्क्रूने रुजवली. साध्या गतिबदलात लय आणि पट्टी एकत्रच उतरतात. त्यामुळे गायकाचा आवाज जाड होतो आणि शब्द लांबतात. वेगवान आवृत्तीत उलट घडते. मूळ गाणे शोधण्यासाठी मंद आवृत्तीचा वेग ऑडॅसिटीत थोडाथोडा वाढवावा. आवाज नैसर्गिक वाटला की शझामला ऐकवावा. मूळ गाणे काळी चारमध्ये आणि आवृत्ती पांढरी चारमध्ये, म्हणजे तीन अर्धस्वर खाली असेल, तर वेग सुमारे ०.८४ पट असतो. आवृत्तीत मिनिटाला ८४ ठोके असल्यास मुळात १००. लय जुळूनही पट्टी जुळली नाही, तर दोन्ही स्वतंत्रपणे बदललेली असतात. घुमारा मात्र पूर्णपणे काढता येत नाही.