कस्टमर पर्सोना म्हणजे काय? मुलाखती आणि विक्रीच्या नोंदींवरून तो कसा तयार करतात?

‘आमचं सॉफ्टवेअर सगळ्या दुकानदारांसाठी आहे,’ असं छोट्या सॉफ्टवेअर कंपन्या अनेकदा सांगतात. पण कंपनीत प्रोग्रामर दोनच असतील, तर सगळ्यांसाठी सगळं करणं शक्य नसतं. या महिन्यात कोणाचं काम आधी करायचं, हे ठरवावंच लागतं. त्यासाठी वापरतात तो कस्टमर पर्सोना.

पर्सोना म्हणजे एकसारखी गरज असलेल्या ग्राहकांच्या गटाचं एका पानावर लिहिलेलं वर्णन. हा ग्राहक आपल्याकडे कशामुळे आला, त्याला काय उरकायचं आहे, पैसे कोण देतं, वापरतं कोण आणि तो कशामुळे सोडून जातो, एवढं त्यात असतं. ही पद्धत सॉफ्टवेअरच्या जगात रुजवली अमेरिकी प्रोग्रामर अॅलन कूपर यांनी. १९८३ मध्ये एक सॉफ्टवेअर लिहिताना त्यांनी ओळखीच्या काही लोकांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यावरून ‘कॅथी’ ही वापरकर्ती डोळ्यासमोर उभी केली. १९९९ मध्ये आलेल्या त्यांच्या पुस्तकातून ‘पर्सोना’ हा शब्द सगळीकडे पोचला.

आता हे प्रत्यक्षात कसं करतात, ते एका उदाहरणातून पाहू. कंपनी आणि आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, जीएसटीचे नियम मात्र खरे आहेत.

आधी नोंदी, मग मुलाखती

समजा, सहा जणांची एक कंपनी दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर विकते. वर्षाची फी ६,००० रुपये. आजवर २४० दुकानांनी ते घेतलं, त्यांतल्या ११७ दुकानांनी वर्ष संपल्यावर पुन्हा पैसे भरले, म्हणजेच रिन्यू केलं.

म्हणजे निम्म्याहून जास्त ग्राहक गेले का? नाही. २४० पैकी ६० दुकानांचं पहिलं वर्ष अजून संपलेलंच नाही. ती राहतील की जातील, हे आज कोणालाच माहीत नाही. म्हणून ती बाजूला ठेवायची. उरलेल्या १८० पैकी ११७, म्हणजे ६५ टक्के दुकानं टिकली. नव्या ग्राहकांना गळतीत धरणं ही या कामातली नेहमीची चूक आहे.

पुढचा प्रश्न असा, की टिकलेले आणि गेलेले यांच्यात फरक काय? कंपनीने आधी धंद्यानुसार गट पाडले. मेडिकल, हार्डवेअर, किराणा. तिन्हींत टिकण्याचं प्रमाण ६४ ते ६८ टक्क्यांच्या मध्ये निघालं. म्हणजे ‘किराणावाल्याचा पर्सोना’ आणि ‘मेडिकलवाल्याचा पर्सोना’ लिहून काही हाती लागणार नव्हतं.

मग ग्राहक आला कुठून, यावरून गट पाडले. कर सल्लागाराने पाठवलेल्या ७२ दुकानांपैकी ६० टिकली होती. जाहिरात पाहून आलेल्या ७८ पैकी फक्त ३६. उरलेली ३० ओळखीतून आलेली होती, त्यांतली २१ टिकली. आता फरक दिसला. पण तो का पडला, हे विक्रीची वही सांगू शकत नाही. त्यासाठी माणसांशीच बोलावं लागतं.

मुलाखत कोणाची घ्यायची?

नेहमी फोन उचलणारे, गोड बोलणारे ग्राहक निवडले तर उत्तरंही गोडच मिळतात. म्हणून नोंदींमधल्या गटांवरून माणसं निवडायची. आपल्या कंपनीने १२ जण ठरवले. सल्लागाराकडून येऊन टिकलेले चार, जाहिरातीवरून येऊन सोडून गेलेले चार, जाहिरातीवरून येऊनही टिकलेले दोन, आणि दोन कर सल्लागार.

सोडून गेलेल्यांना गाठणं अवघड असतं, पण सगळ्यात जास्त तेच शिकवतात. त्यांना ‘परत या’ म्हणायचं नाही, फक्त ऐकायचं. म्हणूनच विक्री करणाऱ्या माणसाने मुलाखतीला न गेलेलं बरं. तो समोर दिसला की दुकानदार एकतर तक्रार करतो किंवा सवलत मागतो.

दुकानात गर्दी नसते अशा वेळी, साधारण दुपारी, अर्ध्या-पाऊण तासासाठी जायचं. गल्ल्यावर शक्यतो बिल बनवणारा माणूसही हजर हवा, कारण पैसे मालक देतो आणि सॉफ्टवेअर अनेकदा दुसराच कोणी चालवतो.

काय विचारायचं?

‘व्हॉट्सअ‍ॅपवर बिल पाठवायची सोय दिली तर आवडेल का?’ असं विचारलं की जवळजवळ प्रत्येक जण ‘हो’ म्हणतो. त्या ‘हो’ला किंमत नसते. झालेल्या गोष्टीबद्दल विचारायचं. उदाहरणार्थ, सोडून गेलेल्या दुकानदाराशी बोलणं असं होऊ शकतं:

‘काका, सॉफ्टवेअर शेवटचं कधी उघडलं होतं?’

‘दिवाळीत. गर्दीत पोरगं हातानेच बिलं फाडायला लागलं. मग राहूनच गेलं.’

‘मग महिन्याचा हिशेब कसा होतो?’

‘आमचं कंपोझिशन आहे हो. तीन महिन्यांनी विक्रीची बेरीज सांगायची, वकील भरतात.’

टिकलेल्या दुकानदाराला तोच प्रश्न विचारला, तर उत्तर वेगळं येतं: ‘दर महिन्याला दहा तारखेच्या आत सीएंना फाइल गेली पाहिजे. नाहीतर माझ्याकडून माल घेणारे फोन करतात.’

उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायची. ‘ग्राहकाला अनुपालन सुलभ हवे’ असं आपल्या भाषेत उतरवलं, की दहा तारीख आणि तो फोन, दोन्ही हरवतात.

चिठ्ठ्यांमधून कारण शोधणं

प्रत्येक मुलाखतीतलं एकेक वाक्य वेगळ्या चिठ्ठीवर लिहितात, मागे ग्राहक क्रमांक टाकतात आणि सारख्या चिठ्ठ्या एकत्र ठेवतात. शेवटच्या दोन-तीन मुलाखतींत नवा ढीग पडला नाही, की तूर्त पुरे. रोज नवं कारण निघत असेल तर आणखी माणसांशी बोलायचं.

इथे दोन मोठे ढीग पडले. एकात महिन्याचं रिटर्न, सीए, तारीख. दुसऱ्यात गर्दी, प्रिंटर, पटकन बिल. त्यामागे जीएसटीचा नियम आहे. नियमित योजनेतल्या दुकानदाराला विक्रीच्या बिलांचा तपशील जीएसटीआर-१ या रिटर्नमध्ये द्यावा लागतो. ते महिन्याला भरणाऱ्यांसाठी पुढच्या महिन्याची ११ तारीख असते. तो तपशील गेला नाही, तर माल घेणाऱ्या व्यापाऱ्याची करवजावट अडते. म्हणून फोन येतात. कंपोझिशन योजनेतल्या दुकानदाराला हे रिटर्न नसतं, तो तिमाहीला करपात्र विक्रीच्या बेरजेवर कर भरतो. म्हणजे सॉफ्टवेअरचा सगळ्यात उपयोगी भाग त्याच्या कामाचाच नाही.

पुन्हा नोंदींकडे

बारा जणांच्या बोलण्यावरून १८० दुकानांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही. मुलाखतीतून मिळते ती शंका, ती नोंदींवर तपासायची. कंपनीने पाहिलं, की पहिल्या तीन महिन्यांत रिटर्नची फाइल एकदा तरी कोणी काढली होती?

| गट | दुकानं | टिकली |
|---|---|---|
| जाहिरातीवरून, फाइल काढली | ३३ | २८ |
| जाहिरातीवरून, फाइल काढली नाही | ४५ | ८ |
| सल्लागाराकडून, फाइल काढली | ६४ | ५७ |
| सल्लागाराकडून, फाइल काढली नाही | ८ | ३ |

जाहिरातीवरून आलेले ग्राहक ‘कच्चे’ नव्हते. फाइल काढणारे दोन्हीकडे जवळजवळ सारखेच टिकले. सल्लागार मुळात रिटर्नची गरज असलेली दुकानंच पाठवत होता, म्हणून त्याचा गट चांगला दिसत होता. नुसत्या नोंदींवर थांबली असती, तर कंपनीने जाहिरात बंद केली असती आणि ती २८ दुकानं पुढे मिळालीच नसती.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवायच्या. शेवटच्या ओळीत आठच दुकानं आहेत, तिथे टक्केवारी काढण्यात अर्थ नाही. आणि फाइल काढणं हे गरजेचं लक्षण आहे. कोणाला बळेच फाइल काढायला लावली म्हणून तो टिकणार नाही.

पर्सोना लिहिताना

आता दोन पानं तयार होतात. पहिलं असं:

*रिटर्नवाले दादा.* नियमित योजनेतले दुकानदार. सीए मागे लागला किंवा बिलात चूक निघाली, म्हणून सॉफ्टवेअर घेतात. पैसे मालक देतो, चालवतो गल्ल्यावरचा माणूस, खूश ठेवायचं असतं सीएला. भीती एकच, तारीख चुकण्याची. सोडतात तेव्हा कारण असतं, फाइलमध्ये चूक निघाली आणि दहा तारखेला मदत मिळाली नाही. आधार: आठ मुलाखती, नोंदींतली ९७ दुकानं.

दुसरं ‘गल्ल्यावरचे भाऊ’ यांचं. त्यांना झटपट बिल हवं, रिटर्नशी देणंघेणं नाही. आधार: चार मुलाखती, ५३ दुकानं. ओळखीतून आलेल्या ३० जणांची तपासणी अजून बाकी आहे, तीही पानावर लिहून ठेवायची.

वय, छंद, हसरा फोटो यांची इथे गरज नाही. ‘३८ वर्षांचे, क्रिकेटची आवड’ हे कोणत्याही नोंदीतून आलेलं नसतं आणि त्यावरून कुठला निर्णयही बदलत नाही. पानावरच्या प्रत्येक ओळीसाठी विचारायचं, हे कोणत्या मुलाखतीत किंवा नोंदीत आहे? उत्तर नसेल तर ओळ खोडायची.

ग्राहकांची खरी नावं आणि फोन नंबरही पानावर नकोत, क्रमांक पुरे. मुलाखतीआधी माहिती कशासाठी घेतोय ते सांगून संमती घ्यावी. भारतात २०२३ चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही याच तत्त्वावर आहे.

यातून बदलतं काय?

कंपनीकडे दोन कामं होती. व्हॉट्सअ‍ॅपवर बिल, की रिटर्नची फाइल पाठवण्याआधी चुका दाखवणं? पहिल्या पानाने उत्तर दिलं, दुसरं काम आधी. मदतीच्या फोनवर ८ ते ११ तारखेला जास्तीचा माणूस बसू लागला. विक्रीच्या वेळी एक प्रश्न वाढला: ‘तुम्ही नियमित की कंपोझिशन?’ जुन्या ग्राहकांचा जीएसटी क्रमांक बिलावर असतोच. तो जीएसटी पोर्टलवर टाकला की करदात्याचा प्रकार कोणालाही दिसतो.

‘गल्ल्यावरचे भाऊ’ यांना काय सांगायचं, तेही ठरवावं लागतं. एकतर त्यांच्यासाठी स्वस्त, साधं बिलिंग वेगळं काढायचं, नाहीतर ‘हे तुमच्या कामाचं नाही’ असं विकतानाच सांगायचं. वर्षभराने ते निघून जाण्यापेक्षा दोघांसाठीही हे बरं.

ही पानं कायमची नसतात. रिटर्नचे नियम बदलले, किंमत बदलली, की गटही बदलतात. म्हणून वर्षातून एकदा तेच तक्ते नव्या नोंदींवर मांडायचे. फाइल काढणारेही सोडून जाताना दिसले, तर पर्सोना जुना झाला असं समजायचं आणि पुन्हा दुकानाची पायरी चढायची.